तहज्जुद : एका झोपेनंतरची नमाज

इस्लाममधल्या रोजच्या पाच नमाजा फर्ज, म्हणजे बंधनकारक. तहज्जुद त्यांत येत नाही. ती ऐच्छिक आहे, तिच्यासाठी अजान होत नाही आणि ती बहुधा घरातच, एकट्याने पढली जाते. रात्रीची शेवटची फर्ज नमाज इशा. ती झाल्यापासून पहाटेच्या फजरची वेळ सुरू होईपर्यंत तहज्जुदची मुदत. बहुतेक उलेमांच्या मते मध्ये एक झोप झालेली असावी. झोप न घेता पढलेली नमाज रात्रीची नफिल नमाज ठरते, तिचेही पुण्य आहेच. पण तहज्जुद म्हणजे अंथरूण सोडून उठणे.

सर्वांत उत्तम वेळ रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा. त्या वेळी अल्लाह माणसांना साद घालतो, कोण मागतो आहे, कोण क्षमा याचतो आहे असे विचारतो, असे हदीसमध्ये आले आहे. हा हिस्सा काढताना घोटाळा होतो तो घड्याळामुळे. इथली रात्र बाराच्या ठोक्यावर मोजायची नसते आणि ती सूर्योदयापर्यंतही जात नाही. ती मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला सुरू होते आणि फजरची वेळ लागताच संपते. समजा, मगरिब साडेसहाला आहे आणि फजर साडेपाचला. रात्र झाली 11 तासांची, तिचा तिसरा भाग 3 तास 40 मिनिटांचा. म्हणजे शेवटचा हिस्सा 1 वाजून 50 मिनिटांनी लागला. सूर्योदय धरून हिशेब केला, तर नमाजेचा शेवट थेट फजरच्या वेळेत जाऊन पडेल.

हदीसमध्ये पैगंबर दाऊद यांच्या रात्रीची वाटणी सांगितली आहे आणि ती फार आवडती म्हटली आहे : अर्धी रात्र झोप, मग तिसरा हिस्सा नमाज, उरलेला सहावा हिस्सा पुन्हा झोप. वरच्याच रात्रीला ही वाटणी लावली, तर बारापर्यंत झोप, 3.40 पर्यंत नमाज आणि साडेपाचपर्यंत परत डुलकी. रात्रभर जागणाऱ्याचे कौतुक यात कुठेच नाही, हे मला विशेष वाटते.

रकातींचा आकडा ठरलेला नाही. दोन-दोन करून पढत जायचे आणि पहाट होईलसे वाटले की वित्र पढून संख्या विषम करायची, हा नियम. हजरत आयेशा सांगतात की पैगंबर रमजानात काय किंवा एरवी काय, 11 रकातींपलीकडे जात नसत. इब्न अब्बास यांनी मात्र जास्त मोजल्या. ते तेव्हा लहान होते आणि मावशी मैमूना, म्हणजे पैगंबरांच्या पत्नी, यांच्या घरी मुक्कामाला होते. मध्यरात्रीच्या सुमारास पैगंबर उठले, हाताने चेहऱ्यावरची झोप पुसली, सूरह आले-इमरानच्या शेवटच्या 10 आयती पढल्या, टांगलेल्या पखालीतल्या पाण्याने वुजू केला आणि उभे राहिले. मुलगा शेजारी डावीकडे जाऊन उभा राहिला, तर त्यांनी त्याचा कान धरून त्याला उजवीकडे आणले. सहा वेळा दोन-दोन रकाती झाल्या, मग वित्र, मग आडवे होणे. बांग देणारा आल्यावर दोन हलक्या रकाती पढून ते फजरला बाहेर पडले. आरंभीच्या दोन हलक्या रकाती धरल्या की नाही, यावरून हा फरक पडला असावा, असे काही विद्वान म्हणतात.

वित्राची पद्धत मजहबप्रमाणे बदलते. महाराष्ट्रातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी. ते तीन रकाती एकाच सलामात पढतात. कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्यात दोन रकातींवर सलाम फिरवून एक वेगळी पढण्याची रीत आहे. इशाबरोबरच वित्र उरकलेला माणूस पहाटे उठला, तर तो तहज्जुद खुशाल पढतो, फक्त वित्र पुन्हा पढत नाही. एका रात्रीत दोन वित्र नाहीत.

दुआंमध्ये नमाज सुरू करतानाची एक प्रसिद्ध आहे : आकाश आणि पृथ्वीचा प्रकाश तूच, तुझे वचन खरे, तुझी भेट खरी, अशा आशयाची. इब्न अब्बास यांच्या त्या रात्रीशी जोडलेली दुआही प्रकाशाचीच आहे. हृदयात, डोळ्यांत, कानांत, उजवीडावीकडे, वर-खाली प्रकाश मागणारी. सिजद्यात पुष्कळ वेळ मागणे मागतात आणि पहाटेच्या प्रहरी इस्तिगफार, म्हणजे क्षमायाचना, करतात. हनफी परंपरेत नमाजेच्या आत अरबीच वापरतात. मराठीत किंवा उर्दूत मन मोकळे करायचे ते सलाम फिरवल्यावर, हात उचलून.

झोप अनावर झाली तर झोपावे, असाच आदेश आहे. पेंगत क्षमा मागता मागता माणूस स्वतःलाच शाप देऊन बसेल. मशिदीत दोन खांबांमध्ये बांधलेली दोरी पैगंबरांना एकदा दिसली. ती त्यांच्या पत्नी झैनब यांची होती. थकल्या की तिला धरून त्या उभ्या राहत. पैगंबरांनी ती सोडायला लावली : तरतरी असेतो पढा, दमलात की बसा. आजारपणाने किंवा झोपेने त्यांची स्वतःची रात्र चुकली, तर ते दिवसा 12 रकाती पढून ती भरून काढत, असे आयेशा सांगतात.