जुना फोन विकण्याआधी नंबर सोडवून घ्या

जुना फोन विकताना त्यातून सिम, ई-सिम आणि नंबराशी जोडलेली खाती बाहेर काढावी लागतात. ही कामे कोणत्या क्रमाने करायची, याला मोठे महत्त्व आहे. खात्री पटवणारा ओटीपी नंबरावरच येतो. त्यामुळे खाती नव्या फोनवर नीट सुरू होईपर्यंत जुना फोन पुसू नये. घाईत आधी फोन पुसून टाकणारा माणूस स्वतःच्याच खात्यांच्या दाराबाहेर राहतो.

समजा, फोन अँड्रॉइडचा आहे. त्यात बँकेशी जोडलेल्या नंबराचे प्लास्टिकचे सिम आहे आणि दुसरा नंबर ई-सिमवर चालतो. दोन्ही नंबर पुढेही हवे आहेत. अशा वेळी सुरुवात जुन्या फोनवरूनच करावी. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्यावा. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधली खातीही आत्ताच नव्या फोनवर हलवावीत. या अ‍ॅपमधले आकडी कोड नंबरावर येत नाहीत, फोनमध्येच तयार होतात. त्यामुळे सिम हातात असूनही फोन पुसल्यावर ते परत मिळतीलच असे नाही, आणि नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

मग फोन बंद करून सिमचा ट्रे पिनने बाहेर काढावा. ट्रेमध्ये मेमरी कार्ड असेल तर तेही काढून घ्यावे. सिम नव्या फोनमध्ये घातल्यावर यूपीआय अ‍ॅप त्या सिमवरून स्वतः एसएमएस पाठवते आणि नंबर व फोन यांची जोडी नव्याने बांधते. त्यामुळे एसएमएसपुरता बॅलन्स असू द्यावा. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर त्याच नंबराने सुरू केले की जुन्या फोनवरचे आपोआप बंद होते.

ई-सिमचे काम वेगळे आहे. ते फोनच्या बोर्डावर कायम बसवलेल्या चिपमध्ये साठवलेले असते, म्हणून हाताने काढता येत नाही. ते नव्या फोनवर हलवता येते का, हे मोबाइल कंपनी आणि दोन्ही फोन यांवर अवलंबून असते. थेट हलवता येत नसेल तर कंपनीकडे नव्या फोनसाठी ई-सिम मागावे लागते. आधी मिळालेला क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, त्याच्या भरवशावर राहू नये. भारतात सिम बदलल्यानंतर सुमारे २४ तास त्या नंबराचे एसएमएस बंद ठेवले जातात. फसवणूक रोखण्यासाठी ही काळजी घेतली जाते. म्हणून ज्या दिवशी बँकेचे काम आहे, त्या दिवशी हा बदल करू नये.

नवा ई-सिम चालू झाला, फोन येऊ-जाऊ लागले, की जुन्या फोनच्या सिम सेटिंगमधून जुना ई-सिम पुसावा. त्या वेळी वाय-फाय चालू असावे, म्हणजे पुसल्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोहोचते. फोन पूर्ण रिसेट केला की ई-सिमही गेला, असे गृहीत धरू नये. अनेक अँड्रॉइड फोनवर त्यासाठी वेगळी खूण करावी लागते, आणि आयफोनही ई-सिम ठेवायचा की पुसायचा हे विचारतो. मात्र ई-सिम पुसल्याने कंपनीकडची जोडणी रद्द होत नाही. नंबर नकोच असेल तर तो कंपनीला सांगून वेगळा बंद करावा, नाहीतर पोस्टपेडचे बिल येतच राहते. नंबर सोडण्यापूर्वी बँक, ईमेल आणि इतर खात्यांत नवा नंबर नोंदवावा, कारण बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.

आता फोनमधले गूगल खाते काढावे आणि मग सेटिंगमधून फोन रिसेट करावा. बटणे दाबून रिकव्हरीतून रिसेट केल्यास चोरीविरोधी कुलूप तसेच राहते आणि नवा मालक जुन्या खात्याच्या पासवर्डाशिवाय फोन वापरू शकत नाही. आयफोनवर आधी आयक्लाउडमधून बाहेर पडून मग `Erase All Content and Settings` निवडावे. आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला असेल तर त्याआधी आयमेसेज बंद करावा, नाहीतर आयफोनवाल्यांचे काही संदेश नव्या फोनपर्यंत पोहोचतच नाहीत. आजच्या फोनमधला मजकूर सांकेतिक स्वरूपात असतो. रिसेट करताना त्याची किल्लीच नष्ट होते, म्हणून पुसण्यासाठी वेगळे अ‍ॅप लागत नाही.

शेवटी फोन सुरू करून वाय-फायला जोडून पाहावा. त्याने जुने खाते किंवा जुना पिन मागितला, तर कुलूप निघालेले नाही. मागितला नाही, तर पुढची मांडणी न करता फोन बंद करावा. `*#06#` लावून मिळणारा आयएमईआय क्रमांक रिसेटपूर्वीच लिहून ठेवावा, आणि तो क्रमांक, तारीख व खरेदीदाराची सही असलेली पावती घेतल्याशिवाय फोन हातातून सोडू नये.