लिफ्ट, पंप आणि गच्चीवरचं ऊन

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात सात मजल्यांच्या दोन विंग, छप्पन्न फ्लॅट, दोन लिफ्ट अशा सोसायट्या कितीतरी आहेत. त्यातलीच एक इथे नमुना म्हणून घेतली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा भरली आहे, विषय आहे गच्चीवरच्या सोलरचा आणि सचिवबाई बोलायला उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या हातात सोलरवाल्याचं कोटेशन नाही, सामायिक मीटरची बारा महिन्यांची वीजबिलं आहेत.

“आधी आपली वीज जाते कुठे ते पाहू,” असं म्हणून त्या हिशोब मांडतात. दोन्ही लिफ्ट मिळून महिन्याला साधारण 600 युनिट घेतात. पाच हॉर्सपॉवरचा टाकीचा पंप आणि बोअरवेलचा पंप मिळून तेवढीच. कॅमेरे, इंटरकॉम वगैरे 100. आणि जिने, पॅसेज, पार्किंगमधल्या ट्यूबलाइट? तब्बल हजारभर! जुन्या चोकच्या 54 ट्यूब रोज बारा तास जळतात आणि चोक धरून एकेक ट्यूब पन्नास वॉटच्या आसपास खाते. लिफ्टच्या नावाने खडे फोडणाऱ्या सभासदांना हा आकडा अनपेक्षित असतो.

म्हणून भाषणातला पहिला प्रस्ताव सोलरचा नाहीच. सगळ्या ट्यूब 20 वॉटच्या एलईडी करा. एका ट्यूबला अडीचशे रुपये धरले तर खर्च साडेतेरा हजार, आणि महिन्याला 620 युनिटची बचत. सरासरी चौदा रुपये युनिट धरलं तरी दोन महिन्यांत पैसे वसूल होतात. शिवाय 620 युनिट सोलरने बनवायची तर पाच किलोवॉट जास्तीचे पॅनल लागले असते. आधी गळती बुजवायची, मग टाकी भरायची, हा क्रम बऱ्याच सोसायट्या उलटा करतात आणि गरजेपेक्षा मोठी यंत्रणा विकत घेतात.

आता महिन्याचा वापर उरतो 1,690 युनिट. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे पॅनल वर्षाला साधारण 1,400 युनिट देतात. त्या हिशोबाने 14 किलोवॉट पुरतात, कारण वर्षाचे 19,600 युनिट सोसायटीच्या वार्षिक वापरापेक्षा किंचित कमीच भरतात. साडेपाचशे वॉटचे 26 पॅनल आणि किलोवॉटमागे शंभर चौरस फूट धरले तर सावली नसलेली 1,400 चौरस फूट गच्ची लागेल. लिफ्टची मशीनरूम, पाण्याची टाकी आणि शेजारचा टॉवर यांची सावली डिसेंबरमध्ये सर्वांत लांब पडते. म्हणून जागा त्या दिवसांतली सावली पाहून ठरवायची. एका ओळीत जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली पडली तरी त्याचा फटका अख्ख्या ओळीच्या उत्पादनाला बसू शकतो.

“म्हणजे लाइट गेली तरी लिफ्ट चालणार ना?” मागच्या रांगेतले काका विचारतात. हा प्रश्न जवळपास प्रत्येक सभेत येतो. उत्तर ऐकून काही जण नाराज होतात, पण ते आधीच दिलेलं बरं: नाही चालणार. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. तो चालू राहिला तर बाहेरच्या तारा दुरुस्त करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकतं. बॅटरी जोडून ही अडचण सोडवता येते, पण लिफ्टच्या मोटरला पुरेल एवढी बॅटरी घेतली तर सगळं गणितच बदलतं. जनरेटर आहे तो राहू द्यावा.

दुसरी शंका संध्याकाळची. लिफ्टची गर्दी सात-आठ वाजता आणि ऊन दुपारी, मग मेळ कसा बसणार? इथे नेट मीटर कामाला येतो. दुपारी वापरून उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, रात्री तिथूनच परत घेतली जाते आणि बिल दोन्हींच्या फरकावर निघतं. एखाद्या महिन्यात जास्त वीज गेली तर ते युनिट पुढच्या महिन्यांसाठी खात्यावर जमा राहतात. हा हिशोब 31 मार्चला बंद होतो, तो महाराष्ट्रातल्या गच्चीला सोयीचा आहे. एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात जमा झालेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ महिन्यांत कामी येतात. मात्र वर्षअखेरीस उरलेल्या युनिटना घरगुती दराच्या मानाने फारच कमी भाव मिळतो. “मोठी बसवून वीज विकू” या उत्साहाला आवर घालायचा तो यासाठी.

मग खर्चाकडे. किलोवॉटला 55 हजार धरले तर एकूण 7 लाख 70 हजार. केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला 18 हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे 2 लाख 52 हजार. उरले 5 लाख 18 हजार, फ्लॅटमागे सव्वानऊ हजारांच्या आसपास. पण सचिवबाई इथे थांबत नाहीत. अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर येतं, म्हणून आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागेल, फ्लॅटमागे 13,750. ते भारतात बनलेल्या सेल आणि पॅनललाच मिळतं, हेही कोटेशनवर लिहून घ्यायला हवं.

बचत? 19,600 युनिट गुणिले चौदा म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास. पॅनल धुणं, देखभाल आणि विम्याचे पंचवीस हजार वजा केले तर वर्षाला अडीच लाख हातात राहतात. पैसे दोन वर्षांत फिटतात, अनुदान हुकलं तरी तीन वर्षांत. चौदाचा दर इथे सावधपणे धरला आहे. सोसायटीच्या सामायिक मीटरला घरगुती टप्प्यांचेच दर लागतात आणि एवढा वापर 500 युनिटच्या वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यात जातो. प्रत्येक सोसायटीने आपल्या बिलाची रक्कम युनिटने भागून स्वतःचा दर काढावा. स्थिर आकार मात्र राहतोच, बिल शून्यावर येत नाही. पॅनल पंचवीस वर्षं टिकले तरी इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, त्याची रक्कम बचतीतूनच दरवर्षी बाजूला ठेवायची.

अडचणी बहुतेक कागदावर आणि गच्चीच्या कोब्यात असतात. दोन विंगला दोन सामायिक मीटर असतील, तर एका नेट मीटरने दोन्हींचं बिल कमी होत नाही. मग सात-सात किलोवॉटच्या दोन यंत्रणा आणि दोन अर्ज लागतात. शिवाय यंत्रणा मंजूर भारापेक्षा मोठी चालत नाही, तो आकडा बिलावरच छापलेला असतो. आणि गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, कारण सांगाडे उभे राहिल्यावर त्यांच्याखाली काम करणं अवघड होतं. वरच्या मजल्यावरच्या सभासदांचा विरोध बहुधा गळतीच्या धास्तीनेच असतो आणि ती धास्ती खरी आहे. त्यांच्या समोरच ठरवावं: सांगाडा स्लॅबमध्ये भोकं न पाडता काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर बसवायचा, आणि त्या वजनाला व वादळी वाऱ्याला इमारत पेलेल याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्यायचा.

यंत्रणा नीट चालते आहे की नाही, हे ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. 14 किलोवॉटने लख्ख उन्हाच्या दिवशी साठच्या आसपास युनिट द्यायला हवेत. आकाश निरभ्र असून इन्व्हर्टर चाळीसच दाखवत असेल, तर पॅनलवर धूळ साचलेली असते किंवा एखादी ओळ बंद पडलेली असते. वीज जात नाही, दिवे चालू राहतात, म्हणून असा बिघाड महिनोन्महिने कोणाच्या ध्यानात येत नाही, फक्त बिल फुगत जातं. वॉचमनने रोज संध्याकाळी आकडा वहीत लिहावा, एवढंच त्या मागतात.

शेवटी ठरावाचा मसुदा वाचला जातो: तीन कोटेशन, सावलीची पाहणी, एलईडी लगेच, आणि ठेकेदाराची दहा टक्के रक्कम तीन महिन्यांचं उत्पादन ठरल्याप्रमाणे निघाल्यावरच. काका दुरुस्ती सुचवतात, तीन नको, सहा महिने ठेवा, म्हणजे पावसाळाही त्यात येईल. दुरुस्तीसह ठराव मताला टाकला जातो.