क्रेडिट कार्डाच्या तीन तारखा: एकाच खरेदीला कधी २१ दिवस, कधी ४८ दिवस का मिळतात?

आजच्या भागात आपण क्रेडिट कार्डाच्या तीन तारखांबद्दल बोलणार आहोत. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ असं कार्ड देताना सांगतात ना? ते पन्नास दिवस प्रत्येक खरेदीला मिळत नाहीत. का, ते एका उदाहरणाने बघू.

समजा, तुमच्या कार्डाची स्टेटमेंट डेट आहे दर महिन्याची ५ तारीख. म्हणजे ६ जून ते ५ जुलै हे झालं तुमचं एक बिलिंग सायकल. या काळात जे काही स्वाइप केलं, त्याची बेरीज करून बँक ५ जुलैला बिल बनवते. आणि ते भरायला साधारण २० दिवस देते, म्हणजे ड्यू डेट आली २५ जुलै.

आता तुम्हाला २४,००० रुपयांचा फ्रिज घ्यायचाय. तो ४ जूनला घेतलात आणि ५ जूनच्या बिलात आला, तर पैसे २५ जूनला द्यायचे. हातात २१ दिवस. तोच फ्रिज ७ जूनला घेतला, तर तो ५ जुलैच्या बिलात जाणार आणि पैसे २५ जुलैला द्यायचे. झाले ४८ दिवस! फक्त तीन दिवस थांबलात आणि जवळजवळ महिना जास्त मिळाला. म्हणून मोठी खरेदी स्टेटमेंट डेट उलटून गेल्यावर करायची. एक लक्षात ठेवा, अगदी ४-५ तारखेची खरेदी कधीकधी बँकेकडे एक-दोन दिवसांनी नोंदते आणि पुढच्या बिलात जाते. त्यामुळे त्या दिवसांवर हिशोब बांधू नका.

पण हे सगळं बिनव्याजी कधी? ड्यू डेटपर्यंत ‘टोटल अमाउंट ड्यू’, म्हणजे पूर्ण रक्कम भरली तरच. बिलावर त्याच्या शेजारीच ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ लिहिलेलं असतं, आणि तिथेच बरेच जण फसतात.

धरून चालू, मिनिमम ५ टक्के आहे, म्हणजे १,२०० रुपये. ते तुम्ही २५ जुलैला भरले. लेट फी लागली नाही, पण व्याज लागलं. आणि ते २५ जुलैपासून नाही बरं का, फ्रिज घेतला त्या ७ जूनपासून! दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरला तर ७ जून ते २५ जुलै या ४८ दिवसांचं व्याज होतं साधारण १,३२५ रुपये. उरलेल्या २२,८०० वर ५ ऑगस्टच्या बिलापर्यंत ११ दिवसांचे आणखी २९० च्या आसपास. त्यावर १८ टक्के जीएसटी. बेरीज साधारण १,९०० रुपये. म्हणजे तुम्ही भरले १,२०० आणि देणं वाढलं १,९०० ने. वर आणखी एक गोष्ट: बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. २६ जुलैला घेतलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून मीटर चालू. एटीएममधून काढलेल्या रोख रकमेला तर बिनव्याजी दिवस मुळातच नसतात.

मग नियोजन कसं करायचं? आधी पगाराची तारीख बघा. पगार १ तारखेला आणि ड्यू डेट २५ ला असेल, तर नेमका खिसा रिकामा असताना बिल येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बिलिंग सायकल निदान एकदा बदलून घ्यायचा पर्याय तुम्हाला मिळायलाच हवा. ॲपवरून किंवा कस्टमर केअरला फोन करून स्टेटमेंट डेट १५ च्या आसपास मागा. मग ड्यू डेट येईल पुढच्या महिन्याच्या ५ च्या आसपास, पगार ताजा असताना. बदल होतो त्या महिन्यात सायकल छोटं-मोठं होतं, म्हणून पहिल्या बिलावरची तारीख नीट वाचा.

दुसरं, ऑटोपे लावलाय? आत जाऊन बघा, तिथे ‘टोटल’ निवडलंय की ‘मिनिमम’. मिनिमम असेल तर दर महिन्याला गुपचूप व्याज चढत राहील.

तिसरं, हाताने भरत असाल तर दोन-तीन दिवस आधी भरा, कारण काही वेळा रक्कम कार्डावर जमा व्हायला वेळ लागतो. ड्यू डेटनंतर तीन दिवसांपर्यंत बँक लेट फी लावू शकत नाही, हा नियम आहे. पण ती सूट फक्त लेट फीची आणि थकबाकीच्या नोंदीची आहे, व्याजाची नाही.

आता हा भाग संपला की ॲप उघडा, शेवटचं स्टेटमेंट काढा आणि त्यावरच्या दोन्ही तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. भेटू पुढच्या भागात!