लिफ्ट किती वेळ लागते?

महिन्याचा शेवटचा शनिवार. एका सोसायटीच्या फाटकाशी एकाच वेळी दोन ट्रक येतात. एक नवव्या मजल्यावरचं घर रिकामं करायला, दुसरा पाचव्यावर सामान चढवायला. फाटकावर वॉचमनच्या नोंदवहीत दोन्ही नावं आहेत, पण वेळ कुणाच्याच नावापुढे नाही. मग काय होतं, हे शहरात राहणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेलं आहे. हमाल खोळंबतात, लिफ्टचं दार अडवून धरलं जातं, शाळेतून परतलेली मुलं आणि भाजीची पिशवी घेतलेले आजोबा तळमजल्यावर ताटकळतात आणि शब्दाने शब्द वाढतो.

हे टाळण्यासाठी आता पुण्या-मुंबईतल्या, ठाण्या-नाशिकच्या बऱ्याच सोसायट्यांत शिफ्टिंगसाठी आधी अर्ज करावा लागतो. अनामत रक्कम भरून वेळ ठरवून घ्यावी लागते. सर्वसाधारणपणे सकाळी नऊ-दहा ते एक आणि दुपारी तीन-चार ते संध्याकाळी सहा-सात अशा दोन पाळ्या असतात. मधली वेळ दुपारच्या विश्रांतीची म्हणून मोकळी सोडतात. हे तास कुठल्या कायद्याने ठरवलेले नाहीत. प्रत्येक सोसायटी ते आपल्यापुरते ठरवते, म्हणून दोन शेजारच्या इमारतींतही ते वेगळे असू शकतात.

अर्ज कुणी करायचा, इथेच पहिली गफलत होते. सोसायटीचा सभासद घरमालक असतो, भाडेकरू नव्हे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी मालकाचं पत्र किंवा निदान ई-मेल लागतो. भाड्याने येणाऱ्यांकडून नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पावती मागितली जाते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार या कराराची नोंदणी सक्तीचीच आहे. करार झाला आहे, पण प्रत सोसायटीत पोचलेली नाही, म्हणून ट्रक फाटकाबाहेर थांबवला जातो. सामान भरलेला ट्रक उभा असताना मालकाला फोन लावत बसण्यापेक्षा आठवडाभर आधी कागद देऊन पोच घेतलेली बरी.

पण कागदांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. लिफ्ट नक्की किती वेळ लागते? ‘दिवसभर’ हे उत्तर बहुतेक जण देतात आणि ते चुकीचं आहे. शिफ्टिंगला दिवस लागतो, लिफ्टला नाही. भांडी कागदात गुंडाळणं, पलंग सुटा करणं, कपाटं रिकामी करणं ही कामं घरात होतात. त्यासाठी लिफ्ट अडवायची गरज नसते.

एक उदाहरण घेऊ. दोन बेडरूमचं घर कोथरूडहून बाणेरला, एका उंच इमारतीत नवव्या मजल्यावर न्यायचं आहे. नव्या इमारतीत आठ माणसांची लिफ्ट आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिफ्टमध्ये एक माणूस ६८ किलोंचा धरतात, म्हणजे तिची क्षमता ५४४ किलो. वजनाचा प्रश्न सहसा येत नाही, अडचण जागेची असते. अशा लिफ्टची आतली जागा साधारण सव्वाचार फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल असते, दार ८० सेंटीमीटरचं. त्यात सहा-सात खोकी आणि एक हमाल एवढंच मावतं. पंचेचाळीस खोकी धरली तर त्यांच्या सात खेपा झाल्या. फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाटं, सोफा, जेवणाचं टेबल, पलंगाच्या फळ्या, गाद्या यांना जवळपास प्रत्येकी एक खेप लागते, त्या बारा धरू. कुंड्या, चपलांचं कपाट, टीव्ही, बादल्या, देव्हारा अशा किरकोळ सामानाच्या आणखी पाच. एकूण चोवीस खेपा. भरणं, वर जाणं, उतरवणं आणि रिकामी लिफ्ट खाली येणं मिळून एका खेपेला पाच मिनिटं लागतात. म्हणजे दोन तास. अडलं-नडलं म्हणून एक तास जादा धरला, तरी तीन तासांची एक पाळी पुरते.

हा हिशेब एका अटीवर जुळतो. लिफ्ट मधल्या मजल्यांवर थांबता कामा नये. दर खेपेला वाटेत दोन-तीनदा दार उघडलं तर पाच मिनिटांची आठ होतात आणि दोन तासांचं काम सव्वातीन तासांवर जातं. शिवाय खोक्यांनी भरलेल्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला शिरता येत नाही ते नाहीच. यावर उपाय लिफ्टच्या आतच असतो. बटणांच्या खाली एक छोटी झडप किंवा चावीचं छिद्र दिसतं. ती चावी फिरवली की लिफ्ट बाहेरच्या बटणांना दाद देत नाही, फक्त आतून दाबलेल्या मजल्यावर जाते आणि सांगेपर्यंत दार उघडं ठेवते. तंत्रज्ञ याला इंडिपेंडंट सर्व्हिस म्हणतात. शिफ्टिंगसाठी लिफ्ट राखून ठेवणं म्हणजे प्रत्यक्षात हेच.

ही चावी बहुधा सेक्रेटरींकडे नसते. सुरक्षा पर्यवेक्षकाकडे किंवा सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडे असते आणि शनिवारी नेमकी त्याचीच सुट्टी निघते. म्हणून वेळ ठरवताना ‘चावी कुणाकडे, तो माणूस त्या दिवशी आहे का’ हे दोन प्रश्न विचारावेत. चावी नसली की हमाल दारात खोकं किंवा फळी अडकवतात. दार पुन्हा पुन्हा त्यावर आपटतं, उंबऱ्याच्या खाचेत कचरा जातो, दार रुळावरून घसरतं आणि लिफ्ट बंद पडते. शिफ्टिंगच्या दिवशी लिफ्ट बिघडते ती जास्त करून दारापाशी. जड ट्रॉलीची चाकंही याच उंबऱ्यावर बसतात, तेव्हा त्यावर प्लायवूडचा तुकडा टाकून घ्यावा.

मोठ्या वस्तू आदल्या आठवड्यातच मोजून ठेवाव्यात. सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब स्प्रिंगची गादी अशा लिफ्टमध्ये उभी, आडवी, तिरकी कशीच मावत नाही आणि ती दुमडताही येत नाही. ती जिन्यानेच न्यावी लागते. नऊ मजले गादी चढवायचे पैसे हमाल वेगळे मागतात आणि ते रास्तच आहे. ही गोष्ट आधी ठरलेली असेल तर घासाघीस होत नाही. इमारतीत मोठी सर्व्हिस लिफ्ट असेल तर तीच मागावी. एकच लिफ्ट असलेल्या जुन्या इमारतीत मात्र ती सलग तीन तास राखून ठेवणं योग्य नाही. तिथे दर चार-पाच खेपांनंतर दहा मिनिटं लिफ्ट रहिवाशांसाठी मोकळी सोडावी आणि तेवढा वेळ हिशेबात धरावा.

कोथरूडच्या घराचंही तेच गणित आहे, फक्त तिथली पाळी आधीची. जुन्या सोसायटीची वेळ दहा ते एक, नव्याची तीन ते सहा. मधल्या दोन तासांत प्रवास, हमालांचं जेवण आणि वाहतूक कोंडी बसवायची. पॅकर्सची माणसं सात-साडेसातला आली तरच दहा वाजता दाराशी खोकी रचून तयार असतात. ती दहाला आली तर पहिली पाळी बांधाबांधीतच जाते. कंत्राट देताना ‘सकाळी’ असं मोघम न लिहिता माणसं पोचण्याची वेळ लिहून घ्यावी.

वारही नीट पाहावा. पुण्यात वीज आणि पाणीपुरवठ्याची देखभालीची कामं अनेकदा गुरुवारी निघतात आणि वीज गेली तर बऱ्याच इमारतींत जनरेटरवर एकच लिफ्ट चालते. लिफ्ट कंपनीच्या मासिक सर्व्हिसिंगचा दिवस कोणता आणि पाण्याचा टँकर केव्हा येतो, हे वॉचमनला अचूक ठाऊक असतं. टँकर वाटेत उभा असेल तर ट्रक आत येत नाही. अक्षय्य तृतीया, दसरा, मे महिन्याची सुट्टी आणि महिन्याची अखेर या दिवसांत पाळ्या लवकर भरतात. पितृपक्षात अनेक जण घर बदलणं टाळतात, ज्यांना हरकत नसेल त्यांना तेव्हा हवी ती वेळ मिळते.

आता आवाजाविषयी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शिफ्टिंगची वेळ यात सहज बसते, पण शेजाऱ्यांना त्रास होतो तो डेसिबलच्या आकड्यापेक्षा अचानकपणाचा. खालच्या घराला ओढाओढ ऐकू येते, शेजारच्या घराला लिफ्टसमोरची आदळआपट. म्हणून चार-पाच घरांना समक्ष भेटून सांगावं. खालचं, वरचं, त्याच मजल्यावरची. रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कुणी आहे का, तान्हं बाळ आहे का, दहावी-बारावीचं मूल आहे का, हे त्या भेटीतच कळतं. बाकीच्यांसाठी दोन दिवस आधी सूचना फलकावर आणि सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी पुरेत:

‘शनिवारी दुपारी ३ ते ६ या वेळात फ्लॅट क्र. ९०२ चे सामान येणार आहे. डावीकडची लिफ्ट त्या वेळेत राखीव आहे, उजवीकडची सर्वांसाठी सुरू राहील. ५ ते ६ या वेळात पलंग व कपाट जोडताना ठोकल्याचा आवाज होईल. ड्रिलचे काम त्या दिवशी नाही, ते सोमवारी दुपारी ४ ते ५.३० या वेळेत होईल. कुणाच्या घरी आजारी व्यक्ती असल्यास कृपया कळवावे.’ खाली नाव आणि फोन नंबर.

ड्रिलचा उल्लेख वेगळा असणं गरजेचं आहे. त्याचा आवाज हवेपेक्षा स्लॅब आणि कॉलममधून जास्त जातो, त्यामुळे तीन मजले खालच्या माणसालाही तो आपल्याच डोक्यावर चालल्यासारखा वाटतो. नव्या घरात पडद्याच्या दांड्या आज, टीव्हीचा ब्रॅकेट परवा, वॉटर प्युरिफायर पुढच्या रविवारी असं होत राहिलं की आठवडाभर रोज पंधरा मिनिटं भोकं पडत राहतात. त्याऐवजी सगळ्या जागी पेन्सिलने खुणा करून एकाच दुपारी एकाच माणसाकडून सारी भोकं पाडून घेतली तर दीड तासात विषय संपतो. बऱ्याच सोसायट्यांत रविवारी सामान आणायला परवानगी असते, ड्रिलला नसते. दोन्हींचे नियम वेगवेगळे विचारावेत.

अनामत रकमेची पावती घ्यावी आणि काम सुरू होण्याआधी वॉचमनसमोर लिफ्टच्या आतल्या भिंती, आरसा आणि दाराचे फोटो काढून ठेवावेत. जुना ओरखडा कुणाचा, यावरून पैसे अडकण्याची तक्रार फार ऐकू येते. काम झाल्यावर पुन्हा फोटो, चावी परत केल्याची नोंदवहीत वेळेसह नोंद आणि लिफ्टसमोरची जागा झाडून घेणं, एवढं झालं की अनामत मागता येते.

आणि सोसायट्यांच्या कमिटीलाही एक विनंती. शिफ्टिंगचे तास, लागणारी कागदपत्रं, अनामतीची रक्कम आणि लिफ्टची चावी कुणाकडे मिळेल हे एका पानावर छापून फाटकाशी कायमचं लावा. नव्या बिऱ्हाडाला ही माहिती ट्रक दारात आल्यावर मिळता कामा नये.