अप्रेझल फॉर्ममधल्या शेऱ्यांवरून ट्रेनिंगची यादी कशी काढायची?

व्हिडिओत मी शीट जरा भरभर दाखवली. इथे तीच निवांत बघू, माझ्याच दुकानाचं उदाहरण घेऊन. घाटकोपर वेस्टला माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. स्टाफ १४ जणांचा: सेल्सला ७, बिलिंग काउंटरला ४, गोडाऊनला २ आणि एक सुपरवायझर.

पहिल्या वर्षी मी फॉर्म समोर ठेवून सरळ मोजणी केली. "कम्युनिकेशन वीक" हा शेरा सहा फॉर्मवर होता, सगळ्यात जास्त. म्हणून बाहेरचा ट्रेनर बोलावला आणि रविवार सकाळचे दोन तास क्लास घेतला. दिवाळीत काउंटरवर तीच भांडणं परत. चूक ट्रेनरची नव्हती. मी शेरे मोजले होते, स्किल नाही.

आता मी असं करतो. प्रत्येक शेऱ्याला शीटमध्ये स्वतंत्र ओळ. एका फॉर्मवर तीन शेरे असतील तर तीन ओळी. कॉलम A मध्ये नाव, B मध्ये काम, C मध्ये शेरा जसाच्या तसा आणि D मध्ये "नक्की काय झालं?" हा D कॉलम भरायला सुपरवायझरला शेजारी बसवावं लागतं, कंटाळा येतो, पण सगळी गंमत तिथेच आहे. त्या सहा "कम्युनिकेशन"वाल्यांचं विचारलं तर तिघांना एक्सचेंजचा नियम गिऱ्हाइकाला नीट सांगता येत नव्हता, म्हणून वाद व्हायचे. दोघांना रेयॉन आणि कॉटनमधला फरक सांगता येत नव्हता. उरलेला एकच जण खरोखर बुजरा होता. शब्द एक, गरजा तीन.

उलटंही होतं. "एक्सचेंज जमत नाही" असे दोन शेरे होते आणि "बिलिंगमध्ये चुका" असे तीन. त्या तिघांपैकी एकाची चूक एक्सचेंजच्या बिलातच होती. म्हणजे वेगवेगळ्या तीन शेऱ्यांखाली एकच स्किल लपलं होतं. D वाचून झाल्यावर E कॉलममध्ये स्किलचं नाव लिहायचं, आणि ते प्रत्येक ओळीत अगदी सारखं. एकीकडे "एक्सचेंज" आणि दुसरीकडे "एक्स्चेंज" लिहिलंत तर शीट त्यांना दोन वेगळी स्किल धरते.

बिलिंगवाले बाकीचे दोघं? तिथे तर मीच चकलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवर प्रति नग २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि ही मर्यादा विक्रीच्या किमतीवर बघायची असते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एमआरपीवर सेट होती. त्यामुळे ३,२०० चा ड्रेस सेलमध्ये २,३०० ला गेला तरी बिलात १८ टक्के यायचे. पोरांची चूकच नाही! सेटिंग बदललं, दोन्ही ओळी यादीतून काढल्या. "उशिरा येतो"सारखे शेरेही काढायचे. लोकल लेट असते त्याला ट्रेनिंग काय करणार?

आता मोजणी. एक्सचेंजच्या ओळी आल्या ६, पण माणसं ५, कारण एका काउंटरवाल्याचं नाव दोनदा होतं. COUNTIF ओळी मोजतो. माणसं मोजायला गुगल शीटमध्ये हा फॉर्म्युला टाका:

```
=COUNTUNIQUEIFS(A2:A60,E2:E60,"एक्सचेंज")
```

एकाच नावाची दोन माणसं असतील तर नावापुढे आडनाव लिहा, नाहीतर ती एकच मोजली जातील.

आकड्यापुढे मी अजून एक आकडा लिहितो: हे काम करणारे एकूण किती. एक्सचेंज सेल्स आणि काउंटर दोघंही हाताळतात, म्हणून ११ पैकी ५. कापडाची माहिती, ७ पैकी २. गोडाऊनमध्ये आलेल्या मालाची एन्ट्री, २ पैकी २. नुसता पहिला आकडा बघितला तर गोडाऊन खाली जातं. पण तिथे बरोबर एन्ट्री करणारा एकही माणूस नाही, म्हणजे शिकवायला आतलं कोणीच नाही. म्हणून ते मी सगळ्यात वर घेतलं. सॉफ्टवेअरवाल्यालाच अर्धा दिवस बोलावलं. एक्सचेंजला सहा जण तयार आहेत, त्यातल्याच एकीने दुपारच्या मंदीच्या वेळेत पाच जणांना बिलं काढून दाखवली. कापडासाठी क्लास नाही, दोघांना जुन्या सेल्समनबरोबर आठवडाभर उभं केलं. बुजऱ्या मुलालाही तिथेच जोडून दिलं.

एक राहिलं. एका स्किलच्या सगळ्या ओळी एकाच सुपरवायझरच्या पेनातून आल्या असतील तर थांबा. आधी स्वतः एक संध्याकाळ काउंटरजवळ उभं राहून बघा. कापडाचे शेरे आधी चार होते. गर्दीच्या वेळी मी बघितलं तर दोघं व्यवस्थित सांगत होते.