रक्तदाबाची औषधे आणि क्लैब्य

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात क्लैब्याची तक्रार घेऊन येणारा मध्यमवयीन रुग्ण बहुधा थेट वाजीकरण योग मागतो. रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेख तो आपण विचारल्याशिवाय करीत नाही. म्हणून आम्ही प्रथम दोन तारखा विचारतो : गोळी केव्हा सुरू झाली किंवा तिची मात्रा केव्हा वाढली, आणि तक्रार केव्हा उद्भवली. दोहोंत काही आठवड्यांचेच अंतर असल्यास औषधाचा संशय घ्यावा. तक्रार गोळीच्या आधीची असल्यास मात्र मधुमेह, धूम्रपान व हृद्रोग यांचा शोध अगत्याचा. कारण उच्च रक्तदाब स्वतःच रोहिण्या बिघडवून क्लैब्य आणतो.

संशय प्रामुख्याने थायझाइड वर्गातील मूत्रल औषधे आणि ॲटेनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर यांवर येतो. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के पुरुषांना दोन वर्षांत ही तक्रार झाली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 8 टक्के होते. चार वर्षांनंतर दोहोंतील फरक जवळजवळ उरला नाही. ॲटेनोलॉलचा 2003 सालचा इटलीतील अभ्यास अधिक बोधप्रद आहे. त्यात 32 पुरुषांचे तीन गट होते. औषधाचे नावही न सांगितलेल्या गटात एकाला, केवळ नाव सांगितलेल्या गटात 5 जणांना, तर दुष्परिणामही सांगितलेल्या गटात 10 जणांना ही तक्रार झाली. अर्थात, भयाचा वाटाही मोठा आहे. प्रश्न विचारावा, परंतु भीती पेरू नये.

समजा, डोंबिवलीचा 50 वर्षांचा नोकरदार ॲटेनोलॉल 50 मि.ग्रॅ. घेत आहे आणि दुसऱ्या महिन्यापासून त्याला ही तक्रार आहे. गोळी एकाएकी बंद केल्यास नाडी व रक्तदाब उसळतात. हृद्शूलही उद्भवू शकतो. म्हणून औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना तारखांसह चिठ्ठी द्यावी. हृदयविकाराचा झटका, हृदयाची दुर्बलता वा अनियमित नाडी यांसाठी ती गोळी नसल्यास ते एक-दोन आठवड्यांत मात्रा उतरवून टेल्मिसार्टनसारखे औषध देऊ शकतात. या वर्गाने लैंगिक त्रास सहसा होत नाही. बदलानंतर एक-दोन आठवड्यांनी रक्तातील पोटॅशियम व क्रिॲटिनिन तपासावे. क्लैब्याचा विचार एक-दोन महिन्यांनी करावा. तोवर सुधारणा न झाल्यास कारण अन्यत्र शोधावे. बीटा ब्लॉकर अपरिहार्यच असेल, तर नेबिव्होलॉलचा पर्याय डॉक्टरांना विचारता येतो.

औषधविक्रेत्यांनी एक पथ्य पाळावे. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वनौषधींत सिल्डेनाफिलची भेसळ आढळली आहे. तासाभरात परिणाम दाखविणाऱ्या चूर्णाविषयी संशय धरावा. हृद्शूलासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब अशा मिश्रणाने प्राणघातक इतका खाली जाऊ शकतो.