तार पुढूनच का?

या आठवड्यात खुब्याच्या हाडाकडे वळायचे ठरले होते, पण खुबा आता पुढच्या अंकात. मनगटावरचा लेख वाचून कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाने पत्र पाठवले आहे आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की तो मागे ठेववत नाही. ते लिहितात, ‘वडिलांच्या गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले, तर पिना आणि तारा घालाव्या लागल्या. शेजारच्या पोराच्या वाटीचे चार तुकडे झाले, त्याचे मात्र प्लास्टरवर भागले. असे कसे? आणि आता डॉक्टर म्हणतात, गुडघा वाकवायला लागा. तार तुटली म्हणजे?’

दोघे पडले कसे, हे त्यांनी सविस्तर कळवले आहे. उत्तर तिथेच सुरू होते. मुलगा रहिमतपूर रस्त्यावर दुचाकीवरून पडला आणि गुडघा थेट डांबरावर आपटला. वडील आल्याच्या वाफ्यातून चालले होते. पाय पाटात अडकला, तोल गेला आणि ‘खाली पडायच्या आधीच गुडघ्यात काड्‌कन आवाज झाला’. हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. वडिलांची वाटी जमिनीने फोडलेली नाही, त्यांच्याच मांडीच्या स्नायूने तोडली आहे.

वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत बसलेले हाड आहे. वरून स्नायू तिला मांडीकडे ओढतो, खालून चिवट बंध तिला नडगीला धरून ठेवतो. अडखळल्यावर गुडघा झपकन वाकू लागतो आणि शरीर सावरायला स्नायू सगळी ताकद लावून आवळतो. वाकलेल्या गुडघ्यात वाटीची मागची बाजू मांडीच्या हाडावर टेकलेली असते आणि वर-खाली दोन्हीकडून ताण असतो. ती पुढच्या बाजूने उलते आणि आडवी तुटते. ताण तिथेच थांबला नाही तर वाटीच्या दोन्ही कडांचे पडदेही फाटत जातात. मग वरचा तुकडा अडवायला काहीच उरत नाही. स्नायू त्याला मांडीकडे खेचून नेतो आणि मधल्या खाचेत बोट बसते.

मुलाच्या वाटीला बाहेरून मार बसला. तुकडे जास्त झाले, पण कडांचे पडदे शाबूत राहिले आणि तुकडे जागच्या जागी थांबले. म्हणून एक्स-रेवर किती तुकडे दिसतात यापेक्षा रुग्णाला पाय सरळ ठेवून पलंगावरून उचलता येतो का, हे मी आधी पाहतो. गुडघ्यात साठलेले रक्त सुईने काढून भूल दिल्यावर ही तपासणी खरी होते, नाहीतर दुखण्यामुळेच पाय उचलत नाही. पाय उचलला, तुकड्यांतली फट 2-3 मिलिमीटरच्या आत असली आणि सांध्याकडच्या बाजूला पायरी पडलेली नसली, तर चार ते सहा आठवडे प्लास्टर पुरते. मुलाचे तसेच झाले असणार.

वडिलांना प्लास्टर घातले असते तर पाय बाहेरून स्थिर राहिला असता, पण आत स्नायूची ओढ चालूच राहते. पूर्वी असे गुडघे मधल्या मऊ तंतूंवर जुळायचे, फट तशीच राहायची आणि चढावर पाय दगा द्यायचा. 1877 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये जोसेफ लिस्टरने जंतुनाशकाच्या भरवशावर गुडघा उघडला आणि वाटीचे तुकडे चांदीच्या तारेने जोडले. गुडघा उघडणे म्हणजे पू होणे आणि पाय किंवा जीव जाणे, असे समजले जायचे त्या काळातली ही गोष्ट. पण ती तार तुकडे नुसती धरून ठेवायची. तार कुठे ठेवली तर स्नायूची ओढच कामाला लावता येते, हे दाखवले जर्मनीच्या फ्रीडरिश पाउवेल्सने, विसाव्या शतकात.

त्याचे म्हणणे उसाच्या कांडीवर करून पाहता येते. जाड कांडी मधोमध कापा, दोन्ही तोंडे जुळवा आणि एकाच बाजूला, कापाच्या वर-खाली खिळे ठोकून सुतळी ताणून बांधा. आता सुतळी बाहेरच्या, फुगणाऱ्या बाजूला येईल अशी कांडी वाकवा. सुतळी ती बाजू उघडू देत नाही, त्यामुळे आतल्या बाजूची तोंडे एकमेकांवर दाबली जातात. जितके वाकवाल तितकी घट्ट. सुतळी आतल्या बाजूला आली तर बाहेर फट उघडते. आणखी एक करा. आतल्या बाजूचा एक टवका काढून टाका आणि पुन्हा वाकवा. दाबायला समोर काही नसल्यामुळे कांडी त्या खड्ड्यात कोसळते.

वाटीत उलते ती पुढची बाजू, म्हणून तार पुढून. आधी दोन समांतर पिना, साधारण पावणेदोन-दोन मिलिमीटर जाडीच्या, वरून खाली दोन्ही तुकड्यांतून घालतात, म्हणजे तुकडे सरकत किंवा फिरत नाहीत. मग साधारण मिलिमीटरभर जाडीची स्टीलची तार पिनांच्या टोकांमागून, हाडाला चिकटून, कंडरेच्या आतून घेऊन वाटीच्या पुढे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवतात आणि पीळ देऊन आवळतात. तार हाडापासून लांब, मऊ भागावर राहिली तर ती मांसात रुतते, सैल पडते आणि फट परत उघडते. शेवटी फाटलेले पडदे शिवतात. एवढे नीट झाले की गुडघा वाकवल्यावर पुढून तार धरते आणि मागची, कूर्चेची बाजू दाबली जाते. तुमचे डॉक्टर वाकवा म्हणतात ते यासाठी. मात्र त्यांनी सांगितलेल्या कोनापर्यंतच. जिना चढताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो आणि उकिडवे बसताना सात-आठ पट. हाड भरलेले एक्स-रेत दिसेपर्यंत उकिडवे बसणे आणि मांडी घालणे बंद.

कोपराच्या टोकाची गत अगदी अशीच आहे. तिथे दंडाच्या मागचा स्नायू तुटलेले टोक वर ओढून नेतो. इथे तपासताना एक गफलत होते. हात खाली लोंबत असला तर कोपर स्वतःच्या वजनाने सरळ होते आणि स्नायू शाबूत आहे असे वाटते. म्हणून हात डोक्यावर घेऊन कोपर सरळ करायला सांगावे. टोक सुटलेले असेल तर पंजा डोक्यावर पडतो. तार अर्थात मागून घालतात आणि खालच्या हाडातल्या आडव्या छिद्रातून ओवतात. पिनांची टोके पुढच्या कठीण थरात रुतलेली हवीत, नाहीतर त्या हळूहळू मागे सरकून कातडीला टोचतात.

कोपराच्या बाबतीत अलीकडे काही प्रयोगशाळांत मोजमाप झाले. हालचालीबरोबर सांध्याच्या बाजूला दाब पाउवेल्स म्हणतो तितका वाढताना त्यांना दिसला नाही. माझ्या मते याने तार बाद होत नाही, पण ऑपरेशन टेबलावरच ती नीट आवळून फट मिटवायला हवी. पुढची हालचाल ती मिटवेल, या भरवशावर राहू नये. टवका काढलेल्या कांडीसारखे, सांध्याच्या बाजूने हाड चुरलेले असेल तर मात्र तार चालतच नाही. आवळली की सांध्याची खोबण आखडते. तिथे प्लेट हवी.

तार पुढे काढावी लागेल का, हेही पत्रात शेवटी विचारले आहे. वाटी आणि कोपर दोन्ही कातडीला चिकटून असतात, म्हणून टोचण्याची तक्रार खूप असते. एडिंबरामध्ये कोपराच्या साध्या फ्रॅक्चरसाठी तार आणि प्लेट यांची तुलना झाली, ती 2017 मध्ये छापून आली. वर्षभराने हात दोन्ही गटांत सारखाच चालत होता, पण तारवाल्यांपैकी निम्म्यांची धातू काढावी लागली, प्लेटवाल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाची. टोचत नसेल तर वडिलांची तार राहू द्या. टोचत असेल तर हाड पूर्ण भरल्यावर काढा, घाई करू नका. अधेमधे गुडघ्यासमोर टणक टोक वर आले, कातडी लाल झाली किंवा उचलता येणारा पाय अचानक उचलेनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या.